शब्दचर्चा: ब्रेकरचं 'रेटिंग' म्हणजे मर्यादा की क्षमता?

पॅनेलवाला
मंडळी, घरीच एक ऑटोमेशन पॅनेल बांधतोय आणि त्याच्या दाराला आतून मराठीत एक तक्ता चिकटवायचाय, म्हणजे उद्या मी नसलो तरी घरच्यांना नाहीतर येणाऱ्या वायरमनला बघून कळेल. अडलंय ते 'रेटिंग'वर. एमसीबीवर सी10 छापलंय, आरसीसीबीवर 25 अँपिअर आणि त्याच्याच खाली गळती 30 मिलिअँपिअर. तिन्हींना 'मर्यादा' लिहिलं तर चालेल ना? सर्किटं अशी: 24 व्होल्टचा 120 वॅटचा एसएमपीएस आणि त्यावर कंट्रोलर, आठ रिलेचं एक बोर्ड (रिलेवर 10 अँपिअर लिहिलंय), एलईडी दिवे 12 मिळून 300 वॅटच्या आसपास, आणि अर्ध्या एचपीचा पाण्याचा पंप. मेन बोर्डातून 2.5 चौरस मिमीची वायर 16 अँपिअरच्या एमसीबीवरून येतेय. दिवे, पंप, एसएमपीएस सगळ्यांना सी10 लावायचा विचार आहे, रिले 10 चा तर ब्रेकर पण 10 चा, जुळतंय असं वाटलं.

शब्दवेडी
मर्यादा चालेल की. मर्यादा ओलांडली की ब्रेकर पडतो, सरळ अर्थ आहे. 'कमाल मर्यादा' नको मात्र, मर्यादेतच कमाल आलं.

बंब_गोटी
गळती 30 म्हणताय तर आधी बॉक्स बघा. पॅनेल बाहेर असेल तर वायर आत जाते तिथे ग्लँड चांगले लावा, माझ्याकडे पावसाचं पाणी त्याच भोकातून उतरायचं आणि तळाला साचायचं. ग्लँड नेहमी खालच्या बाजूने घ्यायचे.

पॅनेलवाला
दादा ती गळती नाही, विजेची गळती. पॅनेल आतच आहे. पण ग्लँड खालून घेईन, पटलं.

जुना_वायरमन
मर्यादा लिहू नका हो, लोक चुकीचं वाचतील. एमसीबीवर सी10 आहे म्हणजे 10 ला पडणार असं नसतं, 10 अँपिअर तो कितीही वेळ निवांत वाहून नेतो. 11 अँपिअर तासभर खेचले तरी पडेल याची खात्री नाही, 14.5 अँपिअर खेचले तर तासाभराच्या आत पडलाच पाहिजे, स्टँडर्डमध्ये असंच आहे. म्हणजे 10 हा आकडा वाहून नेण्याचा आहे, पडण्याचा नाही. त्याच्या पुढचं सी अक्षर शॉर्टसाठी: 5 ते 10 पट करंट आला की ताबडतोब पाडतं, म्हणजे सी10 ला 50 ते 100 अँपिअर. बी असेल तर 3 ते 5 पट.

लोडबेरीज
बरोबर आहे पण इतकं कशाला, आरसीसीबी 25 चा आहे ना, 25 च्या वर गेलं की तोच पाडेल. मी माझ्याकडे खाली एमसीबी लावलेच नाहीत, एकच आरसीसीबी आणि त्याच्यावर सगळं, दोन वर्षं काही झालं नाही.

जुना_वायरमन
भाऊ, ते आजच्या आज बघा. आरसीसीबीला फक्त एकच गोष्ट कळते, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला की नाही. फेजमधून 40 गेले आणि न्यूट्रलमधून 40 च परत आले तर त्याच्या हिशोबाने सगळं आलबेल, तो पडणारच नाही, आतले कॉन्टॅक्ट तापत राहतील आणि वायर पण. त्याच्यावरचे 25 म्हणजे त्या कॉन्टॅक्टची ताकद, बाकी काही नाही. तिथे 25 च्या वर जाऊ न देणं हे मागच्या किंवा पुढच्या एमसीबीचं काम. पॅनेलवाल्यांच्या बाबतीत मागे 16 चा एमसीबी आहे म्हणून 25 चा आरसीसीबी सुरक्षित आहे, खालच्या ब्रेकरची बेरीज 26 झाली काय किंवा 30 झाली काय, 16 वालाच आधी पडेल.

शब्दवेडी
अच्छा, म्हणजे एकाच डबीवर दोन आकडे आणि दोघांची जात वेगळी. 25 म्हणजे 'इतकं वाहील' आणि 30 म्हणजे 'इतक्याला पडेल'. मग दोन शब्द हवेत. वहनक्षमता आणि ट्रिप-मर्यादा?

जुना_वायरमन
हो, फक्त 30 ला पण अगदी बरोबर 30 ला पडतो असं समजू नका. 15 च्या खाली पडायचा नाही आणि 30 ला पडलाच पाहिजे, मध्ये कुठेही पडू शकतो, बरेचसे 20 ते 25 लाच पडतात. 'ट्रिप-मर्यादा' चांगलं आहे, मी 'पडायच्या आत' असं पण लिहिलेलं बघितलंय.

पॅनेलवाला
म्हणजे मी तीन सी10 लावणार ते पण फेरतपासणीला गेलं म्हणा की. रिले 10 आणि ब्रेकर 10 हे जुळतं ना पण?

जुना_वायरमन
नाही जुळत. रिलेवरचे 10 हे हीटरसारख्या साध्या लोडसाठी लिहिलेले असतात, मोटरसाठी त्याच रिलेचा आकडा खूप खाली येतो. आणि बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक, तुमच्या पॅनेलमधली आतली वायर, यातलं जे सगळ्यात कमजोर असेल त्याच्यापेक्षा ब्रेकर मोठा नको. आतली वायर किती जाड आहे?

पॅनेलवाला
0.75 ची लवचीक वायर आहे, रिलेपासून टर्मिनलपर्यंत. तशी वायर मिळाली म्हणून.

जुना_वायरमन
मग त्या वायरच्या मागे सी10 नको, 6 घ्या. दिव्यांचा हिशोब करा, 300 वॅट म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1.3 अँपिअर, 6 पुरून उरतो. एलईडी ड्रायव्हर चालू होताना क्षणभर भरपूर करंट खेचतात, 12 एकदम चालू केले तर बी6 कधीमधी पडेल, म्हणून सी6. हा क्षणभराचा झटका रिलेचे कॉन्टॅक्ट पण चिकटवतो, दिवे बंदच होत नाहीत मग, आणि त्यावर कुठलाच ब्रेकर उपाय नाही, 4-4 दिवे तीन रिलेवर वाटून द्या. पंपाचं बघा: अर्धा एचपी चालताना साधारण 3 ते 4 अँपिअर घेतो, सुरू होताना 5-6 पट म्हणजे 20 अँपिअरच्या आसपास. बी6 चा तात्काळ पडण्याचा पट्टा 18 ते 30, म्हणजे रोज सकाळी पंप सुरू करताना पडायची शक्यता. सी6 चा पट्टा 30 पासून सुरू, तो निवांत राहील. पण पंप रिलेवर थेट देऊ नका, रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची आणि पंप कॉन्टॅक्टरवर, त्याला 1.5 ची वायर. आणि सी6 मोटर जळण्यापासून वाचवत नाही हं, पंप अडकून 6 अँपिअर घेत राहिला तर एमसीबी ढिम्म हलणार नाही. त्यासाठी ओव्हरलोड रिले वेगळा, तो पंपाच्या प्लेटवरच्या करंटवर सेट करायचा.

तारेवरची
माझा प्रश्न पण इथेच टाकते, मिळताजुळता आहे. माझ्या पॅनेलात दोन आरसीसीबी आहेत, एकावर दिवे आणि एकावर सॉकेट. एकेक रिले तपासला तर सगळं चांगलं, पण एक ठरावीक दिवा चालू केला की सटकन दिव्यांचा आरसीसीबी पडतो. इन्सुलेशन तपासलं, उत्तम आलं. आरसीसीबी बदलला, तरी तेच.

जुना_वायरमन
ताई, न्यूट्रल मिसळलंय. त्या दिव्याचा फेज दिव्यांच्या आरसीसीबीतून येतोय आणि न्यूट्रल पॅनेलमधल्या एकाच पट्टीवर जाऊन दुसऱ्या आरसीसीबीतून परत जातंय. दिव्याला 0.2 अँपिअर लागत असतील तर पहिल्याला 200 मिलिअँपिअर गायब झालेले दिसतात, पडणारच तो, 100 मिलिअँपिअरचा लावलात तरी पडेल. हाताने केलेल्या पॅनेलात हे सगळ्यात जास्त बघतो मी, कारण रिले फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल सगळे एका पट्टीत खुपसून टाकतात. मेन बंद करून, पॅनेल मृत आहे याची टेस्टरने नाही तर मीटरने खात्री करून, दोन्ही आरसीसीबीच्या खालून निघालेली न्यूट्रल सोडवा आणि त्यांच्यात कंटिन्युइटी बघा. बीप आला तर मिसळलेत. एकेक तार पट्टीतून काढत जा, जी काढल्यावर बीप थांबेल ती तुमची चोर. प्रत्येक आरसीसीबीला आपली वेगळी पट्टी ठेवायची.

तारेवरची
बीप आला!!! पट्टी एकच होती, आता दोन करते. धन्यवाद.

पॅनेलवाला
बरं झालं, माझी पण एकच पट्टी होणार होती. अजून एक, एसएमपीएसची थोडी गळती असतेच म्हणे, मग 30 चा आरसीसीबी उगाच पडेल का?

जुना_वायरमन
एसएमपीएसच्या आत फेज-न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यातून दर एकाचे अर्धा-एक मिलिअँपिअर जातात, नेमकं डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. एलईडी ड्रायव्हरचंही तसंच. तुमचे 12 ड्रायव्हर अर्ध्याने धरले तर 6 आणि एसएमपीएसचा 1, असे 7. चालू स्थितीतली गळती 30 टक्क्यांच्या, म्हणजे 9 च्या आत ठेवावी, तुमचं बसतंय पण फार जागा नाही. मोजायचं असेल तर गळतीचा क्लॅम्प मीटर घेऊन फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्या, अर्थची तार बाहेर. आणि टाइप एसी घेऊ नका, टाइप ए घ्या. एसएमपीएसच्या आत बिघाड झाला की अर्थकडे जाणारा करंट अर्धाच लाटांचा असू शकतो आणि एसी टाइपला तो दिसेलच असं नाही. इन्व्हर्टर ड्राइव्ह लावणार असाल तर मात्र हा विषय वेगळा.

लोडबेरीज
दोन वर्षं काही झालं नाही हे मी म्हणत होतो ते जाऊ द्या, आज तीन एमसीबी आणले. पण माझं एक मत कायम आहे, कंट्रोलरचा एसएमपीएस आरसीसीबीच्या मागे ठेवूच नये. पंपात ओल गेली, आरसीसीबी पडला, की कंट्रोलर पण मेला, मग मेसेज कोण पाठवणार?

जुना_वायरमन
तसं नको, कंट्रोलरला स्वतंत्र आरसीबीओ द्या, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत, 6 अँपिअर 30 मिलिअँपिअर. पंपाची गळती त्याच्यापर्यंत पोचणार नाही आणि संरक्षण पण राहील. मात्र मेन बोर्डातच वर आणखी एक 30 चा आरसीसीबी असेल तर दोन्हींपैकी कुठला आधी पडेल ते सांगता येत नाही, वरचा थोडा वेळ थांबून पडणारा असावा लागतो.

लोडबेरीज
बघतो. मला तरी एसएमपीएसला अर्थ नीट असेल तर साधा एमसीबी बास वाटतो.

जुना_वायरमन
अर्थ कसा आहे त्यावर आहे ते. जमिनीत रॉड ठोकलेला असेल तर तिथून 60 अँपिअर जायचेच नाहीत, मग सी6 ला अर्थ-फॉल्ट कळणार कसा.

पॅनेलवाला
तक्ता असा करतोय: दिवे, सी6, वहनक्षमता 6 अँपिअर. पंप, सी6, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड वेगळा. कंट्रोलर, आरसीबीओ, वहनक्षमता 6 अँपिअर, गळती 30 मिलिअँपिअरच्या आत पडतो. आरसीसीबी, टाइप ए, वहनक्षमता 25 अँपिअर, गळती 30 मिलिअँपिअरच्या आत पडतो.

शब्दवेडी
छान. 'वहनक्षमता'ला वायरमन लोक हसतील का? 'किती अँपिअरचा' इतकंच लिहिलं तर?

जुना_वायरमन
हसू देत, पण 'किती अँपिअरचा' लिहिलं की पुन्हा 25 ला पडेल असंच वाचतील. अजून बरा शब्द असेल तर सांगा.