मदत हवी आहे: एक कादंबरी, दोघी अनुवादक, निवेदकाचा आवाज एक कसा करायचा?

पानगळ
मी आणि माझी मैत्रीण मिळून एका हिंदी कादंबरीचा मराठी अनुवाद केलाय. एकूण ३२ प्रकरणं, पहिली १६ माझी, पुढची तिची. निवेदक उत्तर प्रदेशातल्या छोट्या गावात वाढलेला, आता पन्नाशीचा, आठवणी सांगतोय. दोन्ही भाग सुटे वाचले तर छान वाटतात. सलग वाचायला घेतलं की सतराव्या प्रकरणात सांगणारा माणूसच बदलतो.

माझ्याकडे ‘आजोबा पहाटे घाटावर जायचे’, तिच्याकडे ‘जात असत’. मी ‘त्यानं, असं’ लिहिते, ती ‘त्याने, असे’. बोलणं सांगताना ती मुळाप्रमाणे ‘तो म्हणाला की’ने सुरुवात करते. मी आधी बोलणं देते आणि ‘असं तो म्हणाला’वर वाक्य संपवते. निवेदकाची बायको त्याला मुळात ‘तुम’ म्हणते. माझ्याकडे ते ‘तू’ झालंय, तिच्याकडे ‘तुम्ही’.

कुणी कुणाचं बदलायचं? प्रकाशकांना लवकरच अंतिम प्रत द्यायची आहे.

कोकणकडा७
एवढं काय त्यात! ‘शोधा आणि बदला’ वापरा. सगळे ‘असे’ काढून ‘असं’ करा, ‘जात असे’चं ‘जायचा’ करा. एका संध्याकाळचं काम. आणि दोघांत वाटलेलं पुस्तक काही नवीन नाही. मुराकामींच्या ‘वन क्यू एटी-फोर’चे पहिले दोन भाग जे रुबिन यांनी इंग्रजीत आणले, तिसरा फिलिप गेब्रियल यांनी.

शाईपेन
कोकणकडा, ‘त्याने’चं ‘त्यानं’ तसं करता येईल, पण बाकीचं नका करू. ‘असे लोक’चं ‘असं लोक’ होईल, आणि ‘येत असे’चं ‘येत असं’. ‘तो जात असे’ आणि ‘ती जात असे’ यांत क्रियापद सारखंच राहतं, ‘जायचा, जायची’ मात्र लिंगाप्रमाणे बदलतं. सरसकट बदललंत तर आजी घाटावर ‘जायचा’. एकेक जागा बघूनच बदलावी लागते. मुराकामींचा तिसरा भाग मूळ जपानीतही पहिल्या दोनांनंतर, २०१० साली वेगळा आला होता, म्हणजे जोड लेखकानेच ठेवलेल्या जागी पडला. इथे तो कादंबरीच्या मधोमध आहे.

पानगळ, ‘कुणाचं बदलायचं’ हे मूळ पुस्तकाला विचारा. पहिल्या अर्ध्यातलं एक पान आणि दुसऱ्यातलं एक पान निवडा, दोन्हींत निवेदकच बोलत असेल असं. तुम्ही तिचं पान नव्याने करा, तिने तुमचं. मग चारही उतारे हिंदीशेजारी ठेवून मोठ्याने वाचा. हिंदीत तो ओट्यावर बसून सांगतोय असं वाटलं तर ‘जायचे’ आणि ‘असं’. लिहायला बसलाय असं वाटलं तर ‘जात असत’ आणि ‘असे’. यात अर्धं-अर्धं करू नका. एकाच परिच्छेदात ‘त्यानं’ आणि ‘जात असे’ आले की वाचक अडखळतो.

ठरलं की एका कागदावर टिपा: निवेदनाची रूपं, बोलणं सांगायची पद्धत, कोण कुणाला काय म्हणतं. बायकोचं ‘तू’ की ‘तुम्ही’ हे प्रसंगाप्रसंगाने ठरवू नका, त्या दोघांचं नातं बघून एकदाच ठरवा. त्यानंतर शेवटचा हात एकीचाच. संपादन पहिल्या पानापासून न करता जोडापासून करा: आधी १४ ते १९ ही प्रकरणं सलग, मग दोन्ही बाजूंना. दुसरीने हिंदी बंद ठेवून फक्त मराठी वाचावं आणि जिथे माणूस बदलल्यासारखा वाटेल तिथे खूण करावी, दुरुस्ती करू नये. दुरुस्ती करायला गेलं की दुसरा आवाज परत शिरतो.

आणि संवादांना हा नियम लावू नका. वकीलकाका ‘जात असत’ म्हणत असतील तर म्हणू देत.

सुमेधा_ठाणे
आम्ही चौघांनी यंत्राची माहितीपुस्तिका केली होती, तेव्हा शब्दसूची केली आणि प्रश्न मिटला. ‘भाभी’ची ‘वहिनी’ करायची का, तेवढं ठरवा.

पानगळ
सुमेधाताई, शब्दांची यादी आमची पहिल्यापासून आहे, ‘भाभी’ दोघींकडे भाभीच आहे. अडतंय ते वाक्याच्या चालीत.

शाईपेन, पानांची अदलाबदल आजच करतो. पण मैत्रिणीचं एक म्हणणं आहे. विसाव्या प्रकरणापासून निवेदक शहरात शिकायला जातो आणि मूळ हिंदीच जड होते, म्हणून तिने भाषा चढवली. मग सगळं सपाट केलं तर तिचं बरोबर असलेलंही जाईल ना?

शाईपेन
मुद्दा रास्त आहे. पण मग १७ ते १९ मध्ये ‘जात असत’ का? चढ विसाव्यात असेल तर ही तीन प्रकरणं तुमच्या चालीत यायला हवीत. विसाव्यानंतर हिंदीत नक्की काय बदलतं ते बघा: संस्कृत शब्द वाढतात, वाक्यं लांबतात, की दोन्ही? फक्त शब्द वाढत असतील तर मराठीतही शब्दच चढवा, क्रियापदं ‘जायचे’चीच ठेवा. सांगणारा शेवटी तोच पन्नाशीचा माणूस आहे.

पानगळ
तिला हे पटेल असं वाटत नाही. तिच्या मते वाक्यंही लांबतात. विसावं प्रकरण हिंदीसकट उद्या दोघी मिळून वाचतो आणि इथे उतारा टाकते.