अनुभव धागा: शॉवरच्या काचेच्या दारातून पाणी बाहेर येते, ते नेमके कुठून?

पर्वरीची_अनघा:
आमच्या पर्वरीच्या सदनिकेत शॉवरच्या जागेला काचेचा एक पक्का भाग आणि बिजागऱ्यांवर फिरणारे एक दार आहे. दोघांनाही चौकट नाही आणि काच ८ मिलिमीटरची आहे. आंघोळ झाली की दाराबाहेर, बिजागऱ्यांच्या बाजूच्या कोपऱ्यात, पाण्याचे थारोळे साचते आणि त्यामुळे शेजारच्या लाकडी कपाटाची खालची कड फुगू लागली आहे. दाराखालची पट्टी काचवाल्याने नवीन बसवून दिली, तरी पाणी थांबलेले नाही. ज्यांच्याकडे असे झाले आहे, त्यांनी पाण्याची वाट कशी शोधली आणि कोणता उपाय टिकला, हे कृपया सविस्तर लिहावे. पट्टी कोणत्या दुकानात मिळते, यापेक्षा कारण कसे ओळखावे हे मला हवे आहे.

मडगावचे_नाईक:
आमच्याकडे एकच उपाय लागू पडला. काच जिथे जिथे भिंतीला आणि फरशीला टेकते, तिथे आतून आणि बाहेरून सिलिकॉन भरून घेतले. पाणी बंद झाले. तुम्हीही तेच करा, विचार करत बसू नका.

काचकाम_म्हापसा:
नाईकसाहेबांचा उपाय पक्क्या काचेच्या सांध्यापुरता चालेल, पण दाराला सिलिकॉन लावता येत नाही आणि अनघाताईंचे पाणी दाराच्या बाजूला दिसते आहे. शिवाय ज्यांच्याकडे अॅल्युमिनियमची चौकट आहे, त्यांनी आतून सिलिकॉन भरण्यापूर्वी थांबावे. चौकटीच्या पोकळीत थोडे पाणी शिरतेच आणि ते आतल्या बाजूला परत पडावे म्हणून खाली बारीक भोके किंवा फट ठेवलेली असते. ती बुजली की अडकलेले पाणी कोपऱ्यातून बाहेर पडते आणि घरमालकाला वाटते की नवीन सिलिकॉनही गळते आहे.

ताई, पाणी जिथे दिसते तिथूनच ते आले, असे धरू नका, कारण ते काचेच्या कडेने बरेच अंतर उतरून मग टपकते. त्यामुळे तपासणी खालून वर करावी. बाहेरची फरशी पूर्ण पुसून कोरडी करा आणि दाराखाली, बाहेरच्या बाजूने, टिश्यू पेपरची लांब पट्टी अंथरा. शॉवर सुरू न करता आतल्या उंबऱ्यावर मगाने सावकाश पाणी ओता. कागद भिजला, तर उंबऱ्याचा उतार किंवा खालची पट्टी बिघडलेली आहे. कोरडा राहिला, तर पक्क्या काचेच्या तळाच्या सांध्यावर पाणी ओता. तोही कोरडा राहिला, तर हँड शॉवर हलक्या धारेने बिजागऱ्यांच्या फटीवर खालून वर न्या आणि प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबा. शेवटी नेहमीचा शॉवर नेहमीच्या जोराने लावा. कोणत्या पायरीला कागद ओला होतो, त्यावरून उत्तर मिळते.

नवी पट्टी एकदा वाकून पाहा. तिला तिरकी लवचिक जीभ असते आणि तिचा उतार आतल्या बाजूला हवा, म्हणजे काचेवरून ओघळणारे पाणी आत पडते. पट्टी उलटी बसली, तर तीच जीभ पाणी बाहेर नेऊन सोडते.

फोंड्याची_मीनल:
आमच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी टपकते. वरच्या मजल्यावरच्यांच्या शॉवरच्या काचेमुळे असे होत असेल का? त्यांना सांगितले, तर ते म्हणतात की त्यांची फरशी कोरडी असते.

काचकाम_म्हापसा:
मीनलताई, त्यांची फरशी खरोखर कोरडी असेल, तर काचेचा संबंध कमी वाटतो. तिथे नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा किंवा फरशीखालचे जलरोधन पाहावे लागेल आणि ते काम प्लंबरचे आहे. त्यासाठी वेगळा धागा काढलात, तर बरे.

पणजीचे_देसाई_काका:
आमच्या मिरामारच्या घरात पट्ट्या पिवळ्या पडून कडक झाल्या होत्या. बोटाने दाबली की जीभ परत येत नव्हती आणि तिच्या मधोमध चीर होती. उंबऱ्यावर मगाने पाणी ओतले, तेव्हा अगदी त्याच चिरेखालून ओघळ निघाला. पट्टी बदलताना एक गोष्ट ध्यानात आली: ८ मिलिमीटरच्या काचेसाठीची पट्टी १० मिलिमीटरवर चढत नाही आणि १० ची पट्टी ८ वर सैल राहून सरकते. म्हणून काच मोजूनच खरेदी करावी. पट्टी आम्ही हॅकसॉ ब्लेडने कापली. खालच्या कोपऱ्यात ती जरा जास्त कापली गेली, तर तिथूनच पाणी डोकावते, त्यामुळे लांबी दोनदा मोजलेली बरी.

पावसाळ्यात सिलिकॉनचे काम करणाऱ्यांनाही सांगतो. हवेतल्या दमटपणाने सिलिकॉनचे बिघडत नाही, पण सांधा ओला असेल तर ते धरत नाही. जुन्या थरावर नवा थर चिकटत नाही, तेव्हा बुरशी धरलेले जुने सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून, सांधा पुसून आणि नीट वाळवूनच पुढे जावे. आम्ही त्यासाठी रात्रभर पंखा लावून ठेवला होता.

पर्वरीची_अनघा:
आपल्या क्रमाने तपासणी केली. उंबऱ्यावर पाणी ओतले तेव्हा कागद कोरडा राहिला. पट्टीची जीभ आतल्या बाजूला उतरती आहे. पक्क्या काचेचा सांधाही कोरडा निघाला. हँड शॉवर खालच्या बिजागरीपाशी नेला, तेव्हा मात्र कागदाचे टोक लगेच ओले झाले. नेहमीचा शॉवर लावल्यावर तर तिथून बारीक धारच लागली. आमचा शॉवर समोरच्या भिंतीवर आहे आणि त्याचे तोंड थेट बिजागऱ्यांकडे वळलेले आहे. त्यातच इमारतीत दाबाचा पंप बसवल्यापासून जोर वाढला आहे.

काचकाम_म्हापसा:
मग कारण सापडले. बिजागऱ्यांच्या बाजूची उभी पट्टी बिजागरी येईल तिथे कापावीच लागते, त्यामुळे दाराची ही बाजू कधीच सलग बंद होत नाही. तिथे राहिलेली काही मिलिमीटरची मोकळी जागा सहज उडणाऱ्या थेंबांना पुरेशी अडवते, पण सरळ आलेल्या धारेला अडवत नाही. म्हणून आधी शॉवरचे तोंड पक्क्या काचेकडे किंवा भिंतीकडे वळवा. ते वळत नसेल, तर वळणारा सांधा असलेला शॉवर बसवून घ्या. पंपाचा जोर जास्त वाटला, तर शॉवरच्या वाहिनीवरचा कॉक थोडा आवळा. नंतर बिजागरीच्या वर आणि खाली पट्टीचे तुकडे अगदी भिडवून बसवा. दार खाली उतरल्याने फट वाढली असण्याचीही शक्यता आहे. दाराची वरची कड आणि पक्क्या काचेची वरची कड एका रेषेत आहेत का, ते बघा. दार उतरले असेल, तर बिजागरीचे स्क्रू काचवाल्यानेच आवळावेत. टफन केलेली काच जागेवर कापता किंवा तिला भोक पाडता येत नाही. तिच्या कडेला धक्का बसला, तर ती एकदम फुटून तुकड्यांचा सडा पडतो.

पर्वरीची_अनघा:
तोंड भिंतीकडे वळवले आणि शेवटच्या पायरीची चाचणी पुन्हा घेतली. धार बंद झाली आहे, कागदाच्या टोकाला फक्त ओलसरपणा राहतो. वरच्या कडा एका रेषेत आहेत, म्हणजे दार उतरलेले नाही.

मडगावचे_नाईक:
तो ओलसरपणा सिलिकॉनने जाईल, असे मला अजूनही वाटते.

वास्कोची_रेवा:
आमच्या उंबऱ्याचा संगमरवर बाहेरच्या बाजूला किंचित उतरता आहे. मगाने पाणी ओतले की ते सरळ दाराकडे वाहते आणि चांगली पट्टीही त्यापुढे फार काळ टिकत नाही. उंबरा उखडायचा, तर त्याखालचे जलरोधन फाटेल अशी भीती वाटते. दाराच्या आत संगमरवराचीच एक बारीक पट्टी चिकटवून पाणी अडवता येईल, असे एका गवंड्याने सुचवले आहे, पण दार आत उघडते तेव्हा ते तिला अडेल. दार फक्त बाहेरच उघडेल अशी बिजागरी बसवून ही पट्टी कोणी लावली आहे का?