एअर लाइनमध्ये पाणी: ड्रायर घ्यावा की अजून एक फिल्टर?

शिरोली_पेंट
शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं पेंटिंग युनिट आहे. 10 एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर, 500 लिटरची टाकी, प्रेशर 7 बार. पावसाळा लागल्यापासून गनमधून पाणी येतंय आणि पीयू पेंटवर बारीक फोड उठतात. टाकी रोज सकाळी ड्रेन करतो. पहिला तास काम छान होतं, अकराच्या पुढे बूथजवळच्या फिल्टरची वाटी भरायला लागते. दुकानदार म्हणतो, अजून एक बारीक फिल्टर लावा. ड्रायरशिवाय भागेल का?

बापू_फॅब्रिकेशन
भाऊ, टाकी मोठी घ्या. हवा टाकीत जरा थांबली की पाणी खाली बसतं. आम्ही 1000 लिटरची टाकी बसवली आणि पाणी बरंच कमी झालं. ड्रायरला वीज, गॅस, सर्व्हिस, सगळं मागे लागतं.

मेंटेनन्सवाली
बापू, हवा थांबल्यामुळे नाही, थंड झाल्यामुळे पाणी सुटतं. मोठ्या टाकीचा पत्रा जास्त, म्हणून ती जास्त थंड करते. पण कॉम्प्रेसर सतत चालला की तीही तापते.

शिरोलीकर, तुमचं "अकराच्या पुढे" हेच महत्त्वाचं आहे. एक घनमीटर जागेत किती वाफ मावेल हे तापमानावर ठरतं. 30 अंशांना साधारण 30 ग्रॅम. पावसाळ्यात 80 टक्के आर्द्रता धरली तर बाहेरच्या हवेत 24 ग्रॅम असते. 7 बार म्हणजे बाहेरच्या हवेचा एक बार धरून आठ, म्हणजे आठ घनमीटर हवा एकात कोंबली, त्या एका घनमीटरमध्ये 190 ग्रॅमच्या वर वाफ झाली. पिस्टनमधून हवा शंभरच्या वर तापून निघते, तेव्हा ही सगळी वाफ वाफच राहते. 65-70 अंशांच्या खाली उतरली की पाणी पडायला लागतं, आणि हवा जिथे थंड होते तिथेच पडतं.

सकाळी टाकी गार असते, पाणी टाकीतच पडतं. अकरापर्यंत टाकी तापते, हवा गरमच बाहेर जाते आणि तुमच्या पाइपात थंड होते. तुमचा कॉम्प्रेसर मिनिटाला एक घनमीटर हवा खेचतो असं धरू. सतत लोडवर तो ताशी जवळपास दीड लिटर पाणी आत घेतो. टाकीतून हवा 50 अंशांना निघाली तर त्यातलं साडेसहाशे ग्रॅम वाफ होऊन पुढे जातं. पाइपात 30 अंशांपर्यंत उतरताना चारशेच्या वर ग्रॅम पाणी होतं. फिल्टर थेंब अडवतो, वाफ नाही. कितीही बारीक लावा, त्याच्या पुढे नळी थंड झाली की परत पाणी.

शिरोली_पेंट
ताई, म्हणजे दिवसातून चार वेळा टाकी ड्रेन केली तर?

मेंटेनन्सवाली
कराच, नाहीतर साठलेलं पाणी हवेबरोबर उडून लाइनमध्ये जाईल. पण वाफ ड्रेनमधून निघत नाही. आधी कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मध्ये पंख्याचा आफ्टरकूलर लावा. हवा 40 अंशांवर आली तर पाइपात पडणारं पाणी चारशेवरून दीड-दोनशे ग्रॅमवर येईल.

ट्रकवाले_साताराकर
आमच्या ट्रकच्या एअर ब्रेकला ड्रायरचं कार्ट्रिज असतं. मोठ्या ड्रायरपेक्षा तेच लावलं तर स्वस्तात होईल की!

मेंटेनन्सवाली
दादा, त्या कार्ट्रिजमधले दाणे वाफ धरून ठेवतात. टाकी भरली आणि कॉम्प्रेसर अनलोड झाला की थोडी कोरडी हवा उलटी जाऊन दाणे सुकवते. ब्रेकला हवा अधूनमधून लागते म्हणून हे जमतं. गन दिवसभर चालली तर दाण्यांना सुकायला वेळच नाही. म्हणून कारखान्यात तसल्या दाण्यांचे दोन टॉवर असतात, एक काम करतो, दुसरा सुकतो. हवा उणे 40 अंश दवबिंदूपर्यंत कोरडी होते, पण सुकवण्यातच 15 टक्क्यांच्या आसपास हवा खर्च होते. पेंटिंगला एवढं नको.

शिरोलीकर, तुम्हाला रेफ्रिजरेशन ड्रायर पुरे. तो हवा 3 अंशांपर्यंत गार करतो, पाणी वेगळं काढतो, आणि बाहेर जाणाऱ्या गार हवेने आत येणारी गरम हवा आधीच थोडी थंड करतो. पुढे ताशी चाळीसेक ग्रॅम वाफ राहते, पण पाइप 3 अंशांच्या खाली जात नाही तोवर तिचं पाणी होत नाही. ड्रायरमध्ये हवा शून्यापर्यंत नेली तर आत बर्फ धरतो, म्हणून 3 वरच थांबतात.

घेताना नुसता सीएफएम पाहू नका. प्लेटवर आत येणाऱ्या हवेचं तापमान लिहिलेलं असतं. पिस्टनची गरम हवा थेट दिली तर ड्रायरला पेलणार नाही. क्रम असा: कॉम्प्रेसर, आफ्टरकूलर, टाकी, ड्रायर, मग बारीक फिल्टर.

बापू_फॅब्रिकेशन
आमच्या शेजारच्याने ड्रायर घेतला, तरी पाणी येतं. ते कसं?

मेंटेनन्सवाली
आधी त्याचा ऑटो ड्रेन बघा. तो चोंदला की वेगळं काढलेलं पाणी परत लाइनमध्ये जातं. पावसाळ्यात ड्रेनच्या नळीतून पाणी येत नसेल तर गडबड आहे. पेंटच्या धुळीने कंडेन्सर बुजला तरी तेच होतं.

शिरोली_पेंट
आफ्टरकूलर आधी लावतो. टाकीच्या आउटलेटला थर्मामीटर बांधून दुपारचं तापमान इथे टाकतो, मग ड्रायरचा साइज सांगा.

बापू_फॅब्रिकेशन
आफ्टरकूलर आणि मोठी टाकी, एवढ्यात भागेल असं मला अजून वाटतं.

मेंटेनन्सवाली
वेल्डिंग शॉपला भागेल. पीयूला नाही भागणार असं माझं मत. आकडे येऊ देत.