मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपला एसएसडी टाकू की नवीन हार्ड डिस्क?

मंडळी, डोंबिवलीला घरी २०१४ चा डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय३, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची मूळ हार्ड डिस्क, विंडोज १०. काम म्हणजे टॅली, एक्सेल आणि क्रोमचे सात-आठ टॅब, बाकी काही नाही.

चालू केला की डेस्कटॉप दिसायला पाच मिनिटं, चहा होतो तोवर. टास्क मॅनेजर बघितला तर सीपीयू १५ टक्के, रॅम अर्धी रिकामी आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के, म्हणजे अडतंय डिस्कपाशीच ना? CrystalDiskInfo पिवळं Caution दाखवतंय, Current Pending Sector Count शून्य नाहीये, त्यामुळे टॅलीचा बॅकअप आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलाय.

लॅमिंग्टन रोडला एक दुकानदार म्हणाला १ टीबी हार्ड डिस्क घ्या, जुन्या मशीनला एसएसडीचा काय उपयोग. मला पटलं नाही. माझा सगळा डेटा मिळून ९० जीबी, १ टीबीचं काय लोणचं घालू?

बोर्ड एच८१ आहे, त्यात एनव्हीएमई जमणार नाही हे माहितीये, २५६ जीबीची साटा अडीच इंची घ्यायचा विचार आहे. पण चारपैकी दोनच पोर्ट ६ जीबीपीएसचे आहेत, चुकून ३ वाल्याला लागली तर रोजच्या कामात फरक जाणवतो का? आणि डिस्कवर खराब सेक्टर असताना क्लोन मधेच अडकतं म्हणतात, मग सरळ विंडोज नव्याने टाकून फाईली कॉपी करू का? कुणी केलं असेल तर सांगा, शनिवारी जाणारे घ्यायला.