पिंग फक्त गेममध्येच वाढतो तेव्हा

> "स्पीडटेस्ट पूर्ण येते, बाकी साइट पळतात, पण रात्री गेमचा पिंग २०० च्या वर जातो."

स्पीडटेस्टचा सर्व्हर बहुतेकदा प्रोव्हायडरच्याच नेटवर्कमध्ये किंवा अगदी जवळ असतो. पुढच्या नेटवर्कशी असलेल्या जोडणीवरची गर्दी त्यात दिसतच नाही. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमधून गेम सर्व्हरचा आयपी घ्या आणि सकाळी व रात्री कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा (आयपी तुमचा टाका):

```
pathping -n 203.0.113.10
```

मधल्या एकाच हॉपवर, म्हणजे वाटेतल्या राउटरवर, लॉस दिसला आणि पुढे शून्य असेल तर दुर्लक्ष करा. राउटर पिंगला उत्तर देणं मागे ठेवतात. पण एका हॉपपासून पिंग ४० चा २०० झाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला, तर अडचण तिथे किंवा परतीच्या मार्गावर आहे. व्हीपीएनवर पिंग उतरला की रूटिंगवरचा संशय पक्काच. दोन्ही वेळचे रिपोर्ट तक्रारीला जोडा, नुसतं "नेट स्लो" लिहू नका.