मागचा फोटो नसताना लेन्सचा माउंट सांगावा का?

पूर्णाकाठ, परभणी
उदगीरला मामांचा फोटो स्टुडिओ होता. आवराआवरीत एक जुनी लेन्स सापडली. मामेभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवलेत, एक बाजूनं, एक समोरून. नाव लिहिलेली पुढची कडी कधीच पडून गेलीय आणि मागचं झाकण घट्ट बसलंय, निघत नाही. काळं धातूचं अंग, सगळ्यात पुढं 2.8 ते 16 आकड्यांची रिंग, तिच्यामागं रबराची फोकस रिंग, मग 16, 8, 4 अशा रेघा, आणि अगदी मागं डाव्या-उजव्या कडेला एकेक उंचवटा. काचेत जांभळट-पिवळसर चमक दिसते. माझ्याकडं कॅनन 1500D आहे. कोणता अडॅप्टर मागवू, आणि ही किती एमएमची असेल?

मांजराकाठ, लातूर
दादा, ही M42 आहे, आट्यांची. अ‍ॅपर्चरची रिंग पुढं म्हटलं की ती जुन्या रशियन किंवा जपानी आट्यांच्या लेन्सचीच खूण. मागचा उंचवटा म्हणजे ऑटो-मॅन्युअलचा खटका. जांभळट-पिवळसर कोटिंग मी पेंटॅक्सच्या जुन्या टाकुमारवर डोळ्यांनी बघितलंय. आणि स्टुडिओवाला 2.8 ची लेन्स ठेवणार ती 135 ची, नवरा-नवरीच्या चेहऱ्यांसाठी. M42 चा अडॅप्टर स्वस्तात मिळतो, मागवून टाका.

रानवाट, बीड
एवढा विचार कशाला? फोटोचे डिटेल्स उघडा, त्यात फोकल लेंथ लिहिलेली असते. मी तर रोज बघतो.

पूर्णाकाठ
ते बघितलं. तिथं भावाच्या मोबाइलच्या लेन्सची माहिती येते. ज्या लेन्सचा फोटो काढलाय तिची नाही.

बालाघाट, छत्रपती संभाजीनगर
मी बरीच वर्षं जुन्या लेन्स उघडून साफ करते. अडॅप्टर आत्ताच मागवू नका.

आधी 135 चा प्रश्न, कारण तो समोरच्या फोटोवरूनच सुटतो. 135 ला 2.8 नं भागा, 48 येतात. म्हणजे 135 एमएम 2.8 च्या लेन्सची पुढची काच किमान 48 मिलिमीटर रुंद लागते, त्याहून लहान काचेतून तेवढा उजेड आत जाऊच शकत नाही. अशी लेन्स समोरून बघितली तर काच जवळजवळ काठापर्यंत भरलेली दिसते. तुमच्या फोटोत काच मधे छोटीशी आहे आणि भोवती काळा उतार. काचेची रुंदी लेन्सच्या तोंडाच्या निम्मीही नाही. ही लेन्स वाइड किंवा फार तर नॉर्मल आहे.

आता रिंगा. सुपर टाकुमारची अ‍ॅपर्चर रिंग मागं, कॅमेऱ्याच्या अंगाला असते, पुढं नसते. हेलिओस 44-2 ची पुढं असते हे खरं, पण तिथं दोन रिंगा असतात. एकीवर आधी आकडा ठरवून ठेवायचा आणि दुसरी मोकळी फिरवून पाती मिटवायची. तुमच्याकडं पुढं एकच रिंग आहे. उंचवटा एका बाजूला असता तर मीही ऑटो-मॅन्युअलचा खटका म्हटलं असतं, पण तुम्ही दोन सांगताय, एकमेकांच्या बरोबर समोर. पुढं अ‍ॅपर्चर, मधे रबर आणि मागं समोरासमोर दोन बटणं ही मांडणी ऑलिंपसच्या OM लेन्सची. एक बटण लेन्स सोडवायचं, दुसरं पाती मिटवून फोकसची खोली बघायचं. या कॅमेऱ्यांत शटर स्पीडची रिंग माउंटभोवती बसवलेली, म्हणून लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग पुढं सरकवली. बोटं एकमेकांत अडकत नाहीत.

जुना लेन्समिस्त्री, नांदेड
ताईंचा अभ्यास दांडगा आहे, पण मला हे पटत नाही. मागची बाजू बघितल्याशिवाय माउंटचं नाव घेऊच नये. व्हिविटार, टोकिना, सिग्मा या कंपन्या एकच अंग बनवायच्या किंवा बनवून घ्यायच्या आणि मागं पाहिजे तो माउंट लावून विकायच्या. टॅमरॉनच्या अडॅप्टॉलला तर मागची कडीच काढता-घालता येते. अंग बघून माउंट सांगणं म्हणजे सदरा बघून गाव सांगणं. वर एखाद्याचा जुना अडॅप्टर तसाच मागं चिकटून राहिलेला असतो. असं मी अनेकदा हाताळलंय.

बालाघाट
काका, दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्सबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण त्यांचं अंग सगळ्या माउंटना चालवायचं असायचं, म्हणून त्या अ‍ॅपर्चर रिंग बहुतेक वेळा मागंच ठेवायच्या, OM साठी बनवलेल्यासुद्धा. नुसती रिंग मागं दिसली असती तर मी गप्प बसले असते. इथं रिंग पुढं आणि दोन बटणं, असा जोड आहे.

गोरज, लातूर
मी याच घोळात पैसे घालवले. नावाची पट्टी घासलेली लेन्स घेतली. झाकण आट्यांचं, मोजलं तर 42 मिलिमीटर. M42 चा अडॅप्टर आणला. एक-सव्वा फेरा गेला आणि अडकला. जोर लावला तर आट्यांतून पितळी कीस निघाला. नंतर कळलं की ती T2 ची लेन्स. रुंदी तीच 42, पण आट्यांमधलं अंतर T2 ला 0.75 आणि M42 ला 1 मिलिमीटर. फोटोत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून मी काकांच्या बाजूचा. नुसत्या मागच्या फोटोनंही भागत नाही, शेजारी पट्टी ठेवून आटे मोजावे लागतात. 5 मिलिमीटरमध्ये 5 आटे आले तर M42, सहा-सात आले तर T2.

मांजराकाठ
135 चं मी मागं घेतो, काचेचा हिशोब मला ठाऊक नव्हता. पण कोटिंगचं काय? तो रंग मी खरंच टाकुमारवर बघितलाय.

बालाघाट
बघितला असणारच. पण तो रंग त्या काळच्या कितीतरी कंपन्यांच्या लेन्सवर दिसतो. एकच थर दिलेल्या काचा साधारण निळसर, जांभळट किंवा पिवळसर चमकतात. अनेक थर दिलेल्यांत हिरवी, गुलाबी अशी वेगवेगळी प्रतिबिंबं एकाच वेळी दिसतात. म्हणजे कोटिंगवरून काळाचा अंदाज येतो, माउंट कळत नाही. पेंटॅक्सनं 1971 च्या सुमारास अनेक थरांचं कोटिंग टाकुमारवर आणलं, बाकीचे आपापल्या वेळी आले. तेसुद्धा फोटो कोणत्या उजेडात काढला ते माहीत असेल तरच. पिवळ्या बल्बखाली निळी काच करडी दिसते आणि मोबाइल आपल्या मनानं रंग बदलतो. पुन्हा फोटो काढायचा असेल तर भावाला सांगा, खिडकीतल्या उजेडात लेन्स तिरकी धरायची आणि मागं काळं कापड ठेवायचं. चमक दिव्याच्याच रंगाची पांढरी दिसली, तर त्या काचेवर कोटिंग नाही किंवा पुसून पुसून गेलंय.

एक सांगा. बाजूच्या फोटोत फोकस कुठं आहे? अनंताची खूण, म्हणजे आडवा आठ, मधल्या रेघेसमोर असेल तर आकड्यांच्या बाजूच्या 16 च्या रेघेसमोर कोणता आकडा येतो?

पूर्णाकाठ
अनंत मधोमध आहे. 16 च्या रेघेसमोर 8 येतंय.

मांजराकाठ
मग 60 एमएमच्या आसपास आली की! मी हिशोब केला.

बालाघाट
हिशोब बरोबर असेल, पण 8 मीटर की 8 फूट? बहुतेक लेन्सवर अंतराच्या दोन ओळी असतात, फोटो मोठा करून दुसरी बघा.

पूर्णाकाठ
हो, दोन ओळी आहेत. दुसऱ्या ओळीत तीच रेघ 2 आणि 3 च्या साधारण मधे.

बालाघाट
मग अडीच मीटर. आठ फूटही साधारण तेवढेच. फोकस अनंतावर ठेवून 16 वर फोटो काढला तर कुठून पुढचं सगळं स्पष्ट येईल, ते अंतर ही रेघ दाखवते. ते फोकल लेंथच्या वर्गावर ठरतं, म्हणून उलटं काढता येतं. मिलिमीटरमधलं अंतर गुणिले 16 गुणिले 0.03, आणि त्याचं वर्गमूळ. 0.03 म्हणजे फिल्मवर जेवढा धूसर ठिपका डोळ्याला स्पष्टच वाटतो, त्याची मिलिमीटरमधली रुंदी.

```
√(2500 × 16 × 0.03) = √1200 ≈ 34.6
```

म्हणजे 35 एमएम. 28 असती तर रेघ 1.6 मीटरवर आली असती, 50 असती तर 5.2 वर, आणि 135 असती तर 38 मीटरवर, म्हणजे जवळपास अनंताच्याच शेजारी. 0.03 हा आकडा प्रत्येक कंपनी थोडा वेगळा धरते, म्हणून 33 की 36 ते यातून ठरत नाही. पण 28 आणि 35 मध्ये गल्लत होत नाही. झूमला हे चालत नाही, तिथं प्रत्येक फोकल लेंथला रेघा बदलतात. काही झूमवर म्हणूनच पसरत जाणाऱ्या रंगीत वाकड्या रेघा असतात, आणि अशी सरकवायची लेन्स दिसली की पहिला अंदाज 80-200 च्या आसपासचा करायचा.

जुना लेन्समिस्त्री
हा हिशोब मला आवडला. 35 मान्य. ऑलिंपसनं 35 एमएम 2.8 बनवलेलीही आहे. पण माउंटचं मी तरीही कबूल करत नाही, कारण अडॅप्टरला पैसे या पोरानं घालायचेत. OM च्या लेन्सला सेन्सरपासून 46 मिलिमीटर लागतात, कॅननचं अंतर 44. म्हणजे दोन मिलिमीटरची पातळ कडी बसते आणि अनंतापर्यंत फोकस मिळतो. तेवढ्या पातळ कडीत चुकीला जागाच नाही. कडी दुसऱ्या माउंटची निघाली तर बसणारच नाही, आणि जोर लावला तर कॅमेऱ्याच्या माउंटला ओरखडा.

बालाघाट
तेवढं मान्य. मी नाव सांगेन, मागवायला सांगणार नाही.

पूर्णाकाठ
मग झाकण काढायचं कसं? भाऊ पक्कड घेऊन बसलाय.

जुना लेन्समिस्त्री
पक्कड नको, भावाला सांग ठेवून दे. धुण्याभांड्याचे रबरी हातमोजे दोन्ही हातांत घालायला सांग. लेन्स झाकणाच्या जवळच्या पक्क्या भागावर धरायची, फोकसच्या रिंगवर नाही, नाहीतर आतलं फिरत राहतं. मग झाकण डावीकडं-उजवीकडं दोन्ही बाजूंनी हळूहळू हलवून बघायचं. उन्हात ठेवून गरम करू नका. उदगीरच्या उन्हात काचेचा डिंक सुटेल. आणि कसं निघालं ते नीट लक्षात ठेव. पाव फेऱ्याच्या आतच सुटलं तर खाचांचा माउंट. तीन-चार फेरे मारूनच निघालं तर आट्यांचा.

पूर्णाकाठ
निघालं! जेमतेम पाव फेराही नाही. आत तीन जिभा दिसतात म्हणाला. फोटो अंधारात काढलाय, नीट दिसत नाही.

गोरज
मग M42 आणि T2 दोन्ही बाद. माझ्यासारखी फसगत तरी होणार नाही.

जुना लेन्समिस्त्री
तीन जिभा कितीतरी माउंटना असतात, निकॉनला, मिनोल्टाला, पेंटॅक्स K लासुद्धा. रविवारी भाऊ परभणीला येणार असेल तर लेन्स घेऊनच ये म्हणावं. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून दिवसाउजेडी मागचा फोटो काढा. अडॅप्टर त्यानंतर.

बालाघाट
माझं मत OM च आहे. पट्टीचा फोटो टाका, तिथं माझं चुकलं असेल तर तेही दिसेल.