मदत हवी आहे: प्रबंधातून दोन लेख काढू की तीन? आणि कशात काय घालू?

रानवेल

नमस्कार मंडळी. पीएचडीचा व्हायवा झाला, पदवी हातात आली, प्रबंध शोधगंगावर चढला. आता गाइड म्हणतात, वर्षभरात यातून लेख काढ, नाहीतर डेटा शिळा होईल.

विषय शेततळ्यांचा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्यातली पाच गावं. प्रकरणं अशी: १ प्रस्तावना, २ पूर्वसंशोधनाचा आढावा (५० पानं!), ३ पद्धती, ४ उपग्रहचित्रांवरून तळ्यांची मोजदाद आणि तळं कुठल्या पाण्यानं, कुठल्या महिन्यात भरतात, ५ कुटुंबांची पाहणी: तळं कोणाला परवडलं, अनुदान कोणाला मिळालं, ६ चोवीस विहिरींची दोन वर्षांची पाणीपातळी, ७ समारोप.

माझा विचार प्रकरण ४, ५, ६ चे तीन लेख आणि जमलं तर २ चा चौथा असा आहे. घोळ एवढाच की तक्ता ४.३ (तळं भरण्याचा स्रोत आणि महिना) मला दोन ठिकाणी लागतोय. असं दोनदा छापता येतं का?

कोरडवाहू

ताई, सोपं आहे. एक प्रकरण म्हणजे एक लेख. मी तसेच काढले, दोन निघाले. आढाव्याचाही काढा, पन्नास पानं वाया कशाला घालवता?

फक्त एक अडचण सांगतो. शोधगंगावर गेलं म्हणजे ते प्रकाशित झालं. चांगली नियतकालिकं मग घेत नाहीत, आणि साम्य तपासणीत तुमचाच प्रबंध सापडून नव्वद टक्के दाखवतो.

मास्तर_५२

पुस्तकच का काढत नाही? आमच्या कॉलेजातल्या एकानं काढलं, आयएसबीएनसकट. प्रकाशकानं पैसे घेतले, पण तीन महिन्यांत पुस्तक हातात.

रानवेल

सर, पुस्तक नंतर बघू. सध्या लेखांचंच विचारते आहे.

उत्तरा_के

पाण्यावरचे लेख परीक्षणासाठी माझ्याकडे नेहमी येतात, त्या अनुभवावरून लिहिते. जरा लांबेल.

आधी प्रकरणं विसरा. एका कागदावर प्रत्येक लेखाचं म्हणणं एका वाक्यात लिहा, आणि ते वाक्य असं हवं की त्यावर कोणीतरी वाद घालू शकेल. ‘शेततळ्यांचा अभ्यास’ हे म्हणणं नव्हे. तुमच्या प्रकरण ४ चं म्हणणं मला असं दिसतं: शेततळ्यात साठतंय ते पावसाचं वाहून जाणारं पाणी नव्हे, विहिरीतून उपसलेलं भूजल आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली ती पावसाचं पाणी अडवण्याच्या नावाखाली, त्यामुळे हे म्हणणं सरळ धोरणाला भिडतं. हा लेख १.

प्रकरण ५ चं म्हणणं वेगळं आहे: ज्याची आधीच विहीर चालते आणि ज्याला प्लास्टिकचा कागद परवडतो, त्याच्याकडेच तळं होतं. हा लेख २.

आता प्रकरण ६. चोवीस विहिरी, दोन वर्षं. त्यातलं एखादं वर्ष जास्त पावसाचं होतं का? असेल तर पातळी तळ्यांमुळे खाली गेली की पावसामुळे वर आली, हे तुम्हाला वेगळं करता येणार नाही, आणि जलशास्त्राचा परीक्षक पहिल्याच फेरीत तिथे बोट ठेवेल. यावर स्वतंत्र लेख उभा राहत नाही. पण लेख १ मध्ये एक आकृती म्हणून या नोंदी सोन्यासारख्या आहेत: तळी भरण्याच्या महिन्यांत जवळच्या विहिरी किती उतरल्या, एवढंच दाखवा.

बाष्पीभवनाचं गणित प्रबंधात असेल तर तेही लेख १ मध्येच. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल तळं बाजूंचा एकास एक उतार धरला तर साधारण २,२०० घनमीटरचं होतं, आणि भरलेलं असताना ९०० चौरस मीटर पाणी उघड्यावर असतं. वरचं फूटभर पाणी उडालं तरी अडीच लाख लिटरांहून जास्त गेलं. हेच पाणी जमिनीखाली राहिलं असतं तर ऊन लागलं नसतं. परीक्षकाला हे दोन ओळींत पटतं.

तक्ता ४.३ दोनदा छापू नका. तो लेख १ चा कणा आहे, तिथेच ठेवा. लेख २ मध्ये त्यावर एक वाक्य आणि संदर्भ. त्याच पाहणीतून जमीनधारणेनुसार नवा तक्ता करता येतो, तो लेख २ चा. प्रत्येक तक्ता एकाच लेखाच्या नावे लिहून टाका. दुसऱ्या लेखाच्या वाट्याला स्वतःचे तीनेक तक्तेही येत नसतील तर तो लेख नाहीच.

रानवेल

दुसरं वर्ष जास्त पावसाचंच होतं. व्हायव्यातही हाच प्रश्न आला होता :(

पण लेख १ आधी छापून यायला वर्ष लागलं तर लेख २ मध्ये संदर्भ कशाचा देऊ?

उत्तरा_के

प्रबंधाचाच. पदवी मिळालेला, शोधगंगावरचा प्रबंध हा रीतसर संदर्भ आहे, प्रकरण क्रमांकासकट द्या. परीक्षण नाव झाकून होत असेल तर मजकुरात ‘लेखकाचा प्रबंध’ एवढंच लिहा आणि खरा तपशील संपादकाच्या पत्रात द्या. त्याच पत्रात हेही सांगा की याच पाहणीवरचा दुसरा लेख अमुक ठिकाणी परीक्षणात आहे आणि दोन्हींचे प्रश्न असे वेगळे आहेत. परीक्षकाला हे नंतर कुठून कळलं तर तो एकाच डेटाचे काप करून विकलेत म्हणतो. आधी सांगितलंत तर बहुतेक वेळा कोणी हरकत घेत नाही.

कोरडवाहू, साम्याचं अर्धं खरं आहे. तपासणीत प्रबंध सापडतोच. पण बरीच नियतकालिकं प्रबंधाला आधीचं प्रकाशन धरत नाहीत. ज्याला पाठवायचं त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात आणि पत्रात प्रबंधाचा दुवा द्यावा. तरीही परिच्छेद उचलून चिकटवू नयेत. प्रबंधात आपण परीक्षकाला सिद्ध करत असतो की सगळं वाचलंय. लेखात तेवढ्याला जागा नसते. त्या पन्नास पानांतून ज्यांच्याशी तुमचं म्हणणं जुळतं किंवा भांडतं तेवढेच घ्या, चार परिच्छेद होतील. आढाव्याचा वेगळा लेख निघतो, पण त्यासाठी शोध कुठे, कसा घेतला आणि काय का वगळलं हे पद्धतशीर मांडावं लागतं. प्रबंधाचं प्रकरण २ सहसा तसं नसतं.

कोरडवाहू

हे मान्य. माझे दोन्ही लेख केअर यादीतल्या नियतकालिकात होते, तिथे कोणी इतकं विचारलं नाही. आता ती यादीच यूजीसीनं २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे कुठे पाठवावं हाच नवा प्रश्न. लेख तयार व्हायच्या आधी नियतकालिक ठरवायचं की नंतर?

उत्तरा_के

वाक्य ठरलं की लगेच, लिहायच्या आधी. लेख १ पाण्याच्या नियतकालिकाचा आहे, लेख २ ग्रामीण अर्थकारणाच्या. दोन्हीकडची शब्दमर्यादा आणि वाचक वेगळे, आधी लिहून मग कापायला बसलात तर दुप्पट काम. आणि आठवड्यात स्वीकृती आणि सोबत बिल आलं तर तिथून निघा.

जायकवाडी_पार

मी उलटं सांगेन. लेख २ आधी पाठवा. तो पाहणीवर एकटा उभा राहतो आणि परीक्षक कमी छळतात. लेख १ ला उपग्रहचित्रांच्या अचूकतेवरच दोन फेऱ्या जातील. प्रत्यक्ष जाऊन किती तळी पडताळली होती? कोरडं तळं आणि काळा कागद अंथरलेला मोकळा खड्डा चित्रात वेगळे ओळखले का?

रानवेल

दादा, एकाच गावात सगळी पडताळली, बाकी चार गावांत नमुन्यानं. कोरड्या तळ्यांचं वेगळं केलं नव्हतं. फेब्रुवारीतली चित्रं होती, तेव्हा बहुतेक भरलेलीच असतात.

जायकवाडी_पार

मग तेच पद्धतीत लिहा: मोजदाद भरलेल्या तळ्यांची आहे, सगळ्या तळ्यांची नाही. आकडा कमी पडेल, पण म्हणणं मजबूत होईल.

रानवेल

ठीक. म्हणजे दोनच लेख, विहिरी लेख १ मध्ये, ४.३ तिथेच. आधी कुठला, यावर तुमचं दोघांचं जमत नाही तर गाइडशी बोलते.

आणखी एक राहिलं. लेख १ ची आखणी गाइडबरोबर झाली, त्यांचं नाव येणारच. लेख २ ची प्रश्नावली, विश्लेषण सगळं माझं, त्यांनी वाचून दुरुस्त्या सुचवल्या. तिथेही नाव घालायचं?

कोरडवाहू

घाला. विद्यापीठात राहायचंय ना?

उत्तरा_के

वाचून दुरुस्त्या सुचवणं यासाठी आभार असतात, लेखकपद नाही. पण मसुदा लिहायला घेण्याआधी बोला, झाल्यावर नको. प्रत्येक विभागाची रीत वेगळी, इथून सांगणं अवघड आहे.